नॉईजमध्ये बुडालेली पल्स कोरिलेशनने कशी सापडते : रडार सिग्नल प्रोसेसिंगमध्ये नवीन आलेल्यांसाठी

रडारच्या कामात नवीन आलेली मुलं बहुतेक वेळा मॅच्ड फिल्टरचं इंटिग्रल पाठ करून आलेली असतात, पण समोर रिसीव्हरचा डेटा ठेवला की त्यात टार्गेट कुठाय हे सांगता येत नाही, कारण डोळ्यांना तिथे फक्त नॉईज दिसतो. मला स्वतःला हे इंटिग्रल वाचून कधीच कळलं नव्हतं, कागदावर सात आकडे मांडून गुणाकार बेरीज केली तेव्हा कळलं, म्हणून इथे त्याच वाटेने जाते.

आधी अडचण काय ते बघू. रडार पल्स सोडतं, ती टार्गेटवर आपटून परत येते, जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. १ मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर, कारण प्रकाश तेवढ्यात ३०० मीटर जातो आणि रस्ता दुहेरी आहे. आता पल्स छोटी ठेवली तर अंतर बारीक कळतं पण तिच्यात एनर्जी कमी असते, ट्रान्समीटरची पीक पॉवर काही वाटेल तेवढी वाढवता येत नाही. पल्स लांब केली तर एनर्जी मिळते, पण १३ मायक्रोसेकंदाची साधी पल्स असेल तर जवळजवळ २ किलोमीटरच्या आत असलेली दोन टार्गेट एकमेकांत मिसळून जातात. यातून सुटायचा मार्ग म्हणजे लांब पल्सच्या आत एक ठरलेला पॅटर्न घालायचा, म्हणजे पल्सचे छोटे तुकडे करायचे आणि काही तुकड्यांची फेज उलटी करायची. या तुकड्यांना चिप म्हणतात, सरळ फेजची चिप + आणि उलट्या फेजची −.

सात चिपचा बार्कर कोड घ्या : + + + − − + −. रिसीव्हरला हा कोड तोंडपाठ आहे, त्याला फक्त हे शोधायचंय की येणाऱ्या सॅम्पलमध्ये हा कोड नक्की कुठून सुरू होतो. त्यासाठी तो कोडची पट्टी डेटावर एकेक सॅम्पल सरकवत नेतो, प्रत्येक जागी समोरासमोरचे आकडे गुणतो आणि सगळ्यांची बेरीज करतो, बस एवढंच कोरिलेशन, आणि मॅच्ड फिल्टर करतो तेही हेच.

पट्टी बरोबर जागी बसली तर + ला + भेटतो, − ला − भेटतो, सगळे गुणाकार + येतात आणि बेरीज ७. एक घर सरकवा, मग सहाच जोड्या उरतात आणि त्यांचे गुणाकार येतात + + − + − −, बेरीज शून्य. दोन घरं सरकवा, + − − − +, बेरीज −१. पुढेही ० आणि −१ यांच्या पलीकडे काही जात नाही. हे वहीवर एकदा तरी कराच, कारण सगळी गंमत इथेच आहे. सातही चिप + ठेवल्या असत्या तर बरोबर जागी ७ आले असते पण शेजारी ६, त्याच्या शेजारी ५, म्हणजे एक रुंद टेकडी तयार होते आणि थोडा नॉईज आला की शिखर कुठेही सरकतं. कोडमुळे टेकडीच्या जागी एक अणकुचीदार सुळका मिळतो.

आता नॉईज घालू. समजा प्रत्यक्षात आलेले आकडे हे : १.६, −०.४, १.३, ०.२, −१.५, ०.१, −०.२. कोडशी ताडून बघा, दुसऱ्या आणि चौथ्या जागी चिन्हच उलटं झालंय, सहावा आणि सातवा आकडा तर जवळजवळ संपलाय. तरी कोडने गुणून बेरीज करा, १.६ − ०.४ + १.३ − ०.२ + १.५ + ०.१ + ०.२ म्हणजे ४.१. नॉईज नसता तर ७ आले असते, म्हणजे इथे नॉईजने आपल्या विरुद्ध २.९ ची ओढ लावलीये आणि तरीही बेरीज बऱ्यापैकी वर राहिली.

हे का होतं? सिग्नलचे तुकडे कोडने गुणल्यावर सगळे एका दिशेला तोंड करतात, त्यामुळे N चिपची बेरीज N पट होते. नॉईजला कोडची काही ओळख नाही, त्याला +१ ने गुणा नाहीतर −१ ने, तो तसाच बेभरवशाचा राहतो, काही आकडे इकडे ओढतात काही तिकडे आणि बेरीज साधारण √N पटच वाढते. सातसाठी ७ विरुद्ध २.६, तेरासाठी १३ विरुद्ध ३.६. फायदा आहे तो या दोन वाढींमधल्या फरकाचा. नॉईज कुठे निघून जात नाही हे लक्षात ठेवा, तोसुद्धा वाढतोच, फक्त हळू वाढतो.

आता तेरा चिपचा बार्कर कोड घेऊन हे चालवून बघा. एक सॅम्पल म्हणजे १ मायक्रोसेकंद, टार्गेट २४० व्या सॅम्पलवर म्हणजे ३६ किलोमीटरवर, आणि सिग्नलची उंची नॉईजच्या सिग्माएवढीच, १.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
code = np.array([1,1,1,1,1,-1,-1,1,1,-1,1,-1,1])
x = rng.normal(0, 1, 400)
x[240:253] += code
y = np.correlate(x, code, mode="valid")
print(np.argmax(y))
```

आधी `x` चा ग्राफ काढा, टार्गेट शोधून दाखवा असं कुणी म्हटलं तर बोट ठेवता येणार नाही. मग `y` चा काढा. आणि मग सीड बदलत बदलत पुन्हा पुन्हा चालवा, कारण बरेचदा २४० येईल पण काही वेळा भलताच आकडा येईल आणि नवीन माणूस इथे कोडमध्ये बग शोधत बसतो. बग नाहीये. टार्गेटच्या जागी सरासरी १३ येतात पण त्यावरही ३.६ चा नॉईज बसलेला असतो, आणि बाकीच्या पावणेचारशे जागांवर नुसता नॉईज आहे, त्याचा सिग्मा ३.६, एवढ्या जागा असल्या की त्यातली एखादी सहज तीन सिग्मापर्यंत म्हणजे १०.८ पर्यंत उडी मारते. १०.८ वर थ्रेशोल्ड लावलात तर साधारण दोन स्कॅनमागे एक खोटं टार्गेट दिसेल आणि खरं टार्गेट चारातल्या तीन वेळाच सापडेल. थ्रेशोल्ड चार सिग्मावर, १४.४ ला नेलात तर खोटी टार्गेट जवळपास बंद होतात, पण मग खरं टार्गेटसुद्धा अर्ध्याहून जास्त वेळा निसटतं. म्हणून "कोरिलेशन लावलं की सापडतं" हे वाक्य अर्धवट आहे, किती जागा तपासताय आणि किती खोटे अलार्म चालतील हे ठरवल्याशिवाय सापडणं या शब्दाला अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे एकच पल्स न सोडता दहा पल्स सोडायच्या आणि दहाही वेळचे सॅम्पल पल्सच्या सुरुवातीपासून जुळवून बेरीज करून मग कोरिलेट करायचं. सिग्नल १३० होतो, नॉईज ३.६ च्या √१० पट म्हणजे ११.४. आता थ्रेशोल्ड पाच सिग्मावर, ५७ ला ठेवला तरी टार्गेट त्याच्या खूप वर राहतं. वरच्या प्रोग्राममध्ये हा बदल स्वतः करून बघा, दोन-तीन ओळींचं काम आहे, आणि हा फरक डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी आग्रहाने सांगेन.

आता नवीन लोकांच्या कोडमध्ये मला सतत दिसणाऱ्या दोन गोष्टी. `mode="full"` वापरलं की शिखर २५२ वर येतं, कारण पट्टीचा फक्त एकच चिप डेटाला टेकलेला असतो तिथपासून मोजणी सुरू होते. बारा सॅम्पलचा फरक म्हणजे १८०० मीटर, आणि वाईट हे की ग्राफ अगदी छान दिसतो, सुळका टोकदार, फक्त अंतर चुकीचं. दुसरं म्हणजे `np.correlate` ऐवजी `np.convolve` वापरणं. कन्व्होल्यूशन पट्टी उलटी फिरवून लावतं, आणि हा तेराचा कोड उलटसुलट सारखा नाही, त्यामुळे सुळका मोडतो. कन्व्होल्यूशनच वापरायचं असेल तर `code[::-1]` द्या, डेटा कॉम्प्लेक्स असेल तर कॉन्ज्युगेटही घ्या. दोन्ही गोष्टी पकडायची एकच परीक्षा आहे, नॉईज शून्य करून चालवायचं. शिखर बरोब्बर १३, ते २४० वरच, आणि आजूबाजूला ० आणि १ शिवाय काही नाही असं आलं तरच पुढे नॉईज घाला.

खऱ्या रिसीव्हरमध्ये इको तुमच्या सॅम्पलच्या खाचेत नेमका बसून येत नाही हेही ध्यानात घ्या. चिपभर बेरीज करून चिपमागे एकच सॅम्पल घेत असाल आणि इको दोन सॅम्पलच्या बरोबर मध्ये पडला, तर सुळक्याची उंची निम्मी होते आणि १३ चे ६.५ उरतात. चिपमागे दोन सॅम्पल घेतले तर वाईटात वाईट पाऊण उंची तरी हाती राहते. टार्गेट मधूनच गायब होतं आणि थोडं सरकलं की परत दिसतं असं झालं तर पहिला संशय इथे घ्या.

पॅटर्न लांब केला की फायदा वाढतो, मग तेरावरच का थांबायचं? एवढ्या स्वच्छ शेजाराचे, म्हणजे बाजूला ० आणि १ च्या वर काहीच नाही असे कोड तेराच्या पुढे कुणाला सापडलेले नाहीत, आणि तेराहून मोठ्या विषम लांबीचे असूच शकत नाहीत हे १९६१ मध्ये सिद्धही झालंय. जीपीएस १०२३ चिपचा कोड वापरतं, तिथे शेजारचे आकडे ० आणि १ च्या बरेच वर जातात ते चालवून घेतात, कारण शिखरच १०२३ चं असतं. रडारमध्ये मात्र तेराचाही शेजार नडतो. मोठ्या टार्गेटच्या दोन्ही बाजूंना त्याच्या एक तेरांश उंचीची पिल्लं उभी राहतात, आणि त्याच्या जवळच या पिल्लांहून बारीक टार्गेट असेल तर ते त्यांच्यात हरवतं. इथे कितीही पल्स मिळवल्या तरी उपयोग नाही, कारण ही पिल्लं नॉईजची नाहीत, सिग्नलचीच आहेत, तीही सोबत वाढतात.

आणि टार्गेट पळत असेल तर? मग इकोची फेज पल्स चालू असतानाच फिरत राहते, म्हणजे पहिल्या चिपचा + आणि तेराव्या चिपचा + एका दिशेला राहत नाहीत. १० गिगाहर्ट्झचं रडार आणि सेकंदाला ३०० मीटर वेगाने सरळ आपल्याकडे येणारं विमान धरलं तर वेगामुळे इकोच्या फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, म्हणजे डॉप्लर, २० किलोहर्ट्झ, १३ मायक्रोसेकंदात फेज साधारण पाव फेरा फिरते, आणि १३ चा सुळका ११.६ वर येतो, हे खपतं. पण तोच कोड हळू चिप वापरून ५० मायक्रोसेकंदांपर्यंत ताणलात तर फेज पूर्ण एक फेरा मारते, तुकडे एकमेकांना खोडतात आणि बेरीज शून्याला टेकते, टार्गेट समोर असून रिसीव्हरला दिसत नाही. अशा वेळी वेगवेगळ्या डॉप्लरने आधीच फिरवून ठेवलेल्या कोडच्या अनेक पट्ट्या एकाच वेळी सरकवतात आणि जिचा सुळका सगळ्यात उंच तिच्यावरून अंतरासोबत वेगही वाचतात.