शेवटच्या फ्रेमवरून एआय क्लिप पुढे कशी वाढवावी

समजा, पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरून एक मुलगी सायकलवर चालली आहे आणि कॅमेरा तिच्या बाजूने सरकतो आहे. एआयने बनवलेली ही क्लिप ५ सेकंदांची आहे, सेकंदाला २४ फ्रेम्स. तोच शॉट न तुटता १० सेकंदांचा करायचा आहे. त्यासाठी पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम व्हिडिओ मॉडेलला देऊन दुसरी क्लिप बनवून घ्यायची आणि दोन्ही जोडायच्या.

आधी शेवटची फ्रेम काढून घ्या. स्क्रीनशॉट नको, त्यात आकार आणि रंग दोन्ही बदलू शकतात. व्हिडिओवर काम करणारं `ffmpeg` हे कमांड-लाइन साधन असेल तर:

```
ffmpeg -sseof -1 -i a.mp4 -update 1 last.png
```

ही फ्रेम वापरण्याआधी मोठी करून नीट बघा. मुलीने मान वळवलेली असेल किंवा चेहऱ्यावर झाडाची फांदी आली असेल, तर पुढच्या क्लिपमध्ये चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी निघेल. मॉडेलला फक्त हे एकच चित्र दिसतं. जे त्यात नाही ते त्याला मनानेच भरावं लागतं. अशा वेळी एडिटरमध्ये एकेक फ्रेम मागे या, चेहरा स्पष्ट आणि हात न बिघडलेले दिसतील तिथे थांबा, ती फ्रेम पीएनजीमध्ये काढा आणि पहिली क्लिपही तिथेच कापा. ८-१० फ्रेम्स गेल्या तरी अर्धा सेकंदसुद्धा जात नाही.

आता ते चित्र मॉडेलला सुरुवातीची फ्रेम म्हणून द्या. आकार आणि फ्रेम रेट पहिल्या क्लिपचेच ठेवा. प्रॉम्प्टमध्ये सगळं दृश्य पुन्हा वर्णन करू नका, पुढची हालचाल तेवढी लिहा: ‘सायकल आधीपासून त्याच वेगाने उजवीकडे जात आहे, कॅमेरा सोबत सरकत आहे’.

तरीही सांध्यावर हिसका बसू शकतो, कारण स्थिर चित्रात वेग नसतो. सायकल थांबून पुन्हा निघाल्यासारखी वाटते. दुसऱ्या क्लिपची पहिली फ्रेम ही दिलेल्या चित्राचीच नक्कल असते, ती काढून टाका. नाहीतर चित्र क्षणभर अडकतं. मग पहिला अर्धा सेकंद १२५ ते १५० टक्के वेगाने चालवून बघा. एक क्लिप दुसरीत विरघळवणाऱ्या क्रॉस डिझॉल्व्हने हे झाकायला जाऊ नका, चाकं दुहेरी दिसतात.

आणखी वाढवायचं असेल तर रंगांवर लक्ष ठेवा. दर वेळी चित्र मॉडेलमधून आणि कॉम्प्रेशनमधून जातं, त्यामुळे हळूहळू कॉन्ट्रास्ट चढतो, त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते. म्हणून काढलेली फ्रेम अगदी पहिल्या क्लिपच्या पहिल्या फ्रेमशेजारी ठेवून रंग जुळवा आणि मगच मॉडेलला द्या. तयार क्लिप नंतर सुधारली तर बिघाड साखळीत तसाच पुढे जातो. दोन-तीन वाढींनंतर मात्र चेहरा टिकवणं अवघड होतं. तिथे हँडलचा किंवा चाकाचा क्लोज-अप घाला आणि पुढचा शॉट मूळ चांगल्या फ्रेमवरून नव्याने सुरू करा.