फेसातून समुद्राकडे : मॅच कट आणि ध्वनीवर चालणारे स्थित्यंतर पटकथेत कसे लिहावे

एका दृश्याचे शेवटचे चित्र पुढच्या दृश्याच्या पहिल्या चित्राशी जुळवणारा कट म्हणजे मॅच कट. पटकथेत एका दृश्याच्या शेवटी उजवीकडे ‘मॅच कट’ असे दोन शब्द लिहिले की काम झाले, असा बऱ्याच नव्या लेखकांचा समज असतो. संकलकाला मात्र त्या दोन शब्दांवरून कशाशी काय जुळवायचे आहे हे कळत नाही. त्याच्यापुढे येतात ती वेगवेगळ्या दिवशी, कदाचित काही आठवड्यांच्या अंतराने चित्रित झालेली दोन दृश्ये. आणि जुळणीची गरज चित्रीकरणाच्या वेळीच कोणाच्या लक्षात आली नसेल, तर संकलनाच्या टेबलावर ती निर्माण करता येत नाही. म्हणून हे स्थित्यंतर कागदावरच पूर्ण व्हावे लागते. त्याची रीत एका उदाहरणावरून पाहू.

मीरा रात्री इमारतीच्या लाँड्रीत बसून नरेनचे पत्र वाचते, आणि तेथून कथा मालवाहू जहाजावर असलेल्या नरेनकडे जाते. कच्च्या मसुद्यात दृश्याचा शेवट असा आहे, असे समजा : ‘मीरा विचारात हरवून वॉशिंग मशीनकडे पाहते. मॅच कट : समुद्रातले जहाज.’ लेखकाच्या मनात मशीनचे गोल दार आणि केबिनची गोल खिडकी आहे. पण कागदावर गोल असे काहीच नाही. दिग्दर्शक मीराचा चेहरा घेईल, दुसऱ्या पथकाकडून दुरून दिसणारे जहाज येईल, आणि संकलकाच्या हाती एक चेहरा व एक क्षितिज उरेल.

आधी जुळणी कशाची, ते ठरवावे

दोन चित्रे आकाराने जुळू शकतात, हालचालीने जुळू शकतात किंवा आवाजाने. या तिन्हींपैकी मुख्य कोणती हे लेखकाने स्वतःशी एका वाक्यात सांगून पाहावे. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल : गोल काचेवरून ओघळणारा साबणाचा फेस गोल काचेवरून ओघळणारा समुद्राचा फेस होतो. हे वाक्य सांगताना ‘जणू’, ‘प्रतीक’, ‘एकाकीपणा’ असे शब्द वापरावे लागत असतील, तर ती जुळणी अर्थाची आहे, चित्राची नाही. अर्थाची जुळणी वाईट नसते. पण तिला मॅच कट म्हटले की संकलक पडद्यावर न सापडणारी गोष्ट शोधत बसतो.

त्यानंतर ती वस्तू चौकटीत कोठे आहे ते ठरवावे. प्रेक्षकाची नजर कटच्या क्षणी ज्या जागी असते, त्याच जागी पुढच्या चित्रातली जोडीदार वस्तू यावी लागते. पहिले गोल मधोमध आणि दुसरे वरच्या कोपऱ्यात असेल, तर नजर नव्या गोलाचा शोध घेते आणि तेवढ्यात जुळणीचा परिणाम विरतो. यासाठी लेन्सचा आकडा किंवा कॅमेऱ्याची उंची लिहिण्याची गरज नाही, तो लेखकाचा प्रांतही नव्हे. ‘पडद्याच्या मधोमध’, ‘तेवढेच मोठे’, ‘वरून खाली’ इतके साधे शब्द पुरतात.

शेवटचे आणि पहिले वाक्य जोडीने लिहावे

पहिल्या दृश्याचे शेवटचे वाक्य आणि दुसऱ्याचे पहिले वाक्य ही एकाच वाक्याची दोन अर्धी आहेत असे समजून ती एका बैठकीत लिहावीत. जुळणीच्या वस्तूनंतर पहिल्या दृश्यात एकही शब्द नको, आणि दुसऱ्या दृश्यात तिच्या आधी काही नको. सर्वाधिक जुळण्या या दुसऱ्या बाजूला फसतात, कारण नवे ठिकाण आले की आधी त्याचा परिचय करून द्यावा, ही लेखकाची सवय असते. ‘अथांग सागरात एक जुने मालवाहू जहाज’ असे लिहिताच पडद्यावर ते जहाज येणार, आणि खिडकी तिसऱ्या शॉटवर जाणार. दृश्यशीर्षक वाचकाला ठिकाण आधीच सांगून टाकते, तेवढे पुरे. प्रेक्षकाला ते उशिरा कळले तरच स्थित्यंतराची गंमत आहे.

हालचाल असेल तर ती अर्धवट असताना कट यावा, आणि हे वाक्य मध्येच तोडून दाखवता येते. पहिल्या दृश्यात फेस ओघळू लागतो, दुसऱ्यात ओघळत राहतो. चित्रीकरणात मात्र दोन्हीकडे ही हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे नेमका कोणत्या फ्रेमवर कट घ्यायचा हे संकलकाला निवडता येते.

आवाज कोठून, केव्हा आणि कशावर

चित्राच्या आधी पुढच्या दृश्याचा आवाज सुरू झाला तर त्याला जे-कट म्हणतात, आणि मागच्या दृश्याचा आवाज नव्या चित्रावर रेंगाळला तर एल-कट. संकलनाच्या पट्टीवर चित्राखालचा ध्वनीचा तुकडा अनुक्रमे डावीकडे किंवा उजवीकडे लांबतो आणि त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, म्हणून ही नावे. पटकथेत पहिल्या प्रकारासाठी ‘प्री-लॅप’ हा शब्द रूढ आहे. आवाजाला पुढे पाठवण्याची ही युक्ती जुनी आहे. हिचकॉकच्या १९३५ सालच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये प्रेत पाहून स्त्री तोंड उघडते, तेव्हा तिच्या किंकाळीच्या जागी आगगाडीची शिट्टी ऐकू येते आणि पुढच्या क्षणी गाडी दिसते.

प्री-लॅप लिहिताना तीन गोष्टी सांगाव्यात : आवाज कशाचा आहे, तो पहिल्या दृश्यातल्या कोणत्या कृतीवर सुरू होतो, आणि तेव्हा जुन्या आवाजाचे काय होते. सेकंद लिहू नयेत. ‘दोन सेकंद आधी’ हा आकडा नटाच्या प्रत्यक्ष गतीपुढे टिकत नाही. ‘मीरा मान वर करते तेव्हा’ हा निर्देश टिकतो. शिवाय प्री-लॅपला मोकळी जागा लागते. दृश्य संवादावरच संपवले तर नवा आवाज त्या संवादावर आदळतो, किंवा संकलकाला तो संवादाच्या शेवटच्या अक्षरानंतर लगेच कोंबावा लागतो. म्हणून शेवटी एखादी निःशब्द कृती लिहावी. ती लिहिलेली असली की दिग्दर्शकही तेथपर्यंत कॅमेरा चालू ठेवतो.

पुढच्या दृश्यातला संवाद आधी ऐकू येणार असेल, तर पात्राच्या नावापुढे ‘ऑफ स्क्रीन’ लिहू नये. त्याचा अर्थ, पात्र याच ठिकाणी आहे पण चौकटीबाहेर आहे, असा होतो; नरेनला लाँड्रीच्या दाराआड उभे करण्याचा घोळ अशा एका शब्दाने होऊ शकतो. ‘प्री-लॅप’ लिहिले की ते वाक्य केबिनच्या दृश्यात, केबिनच्या घुमाऱ्यासह ध्वनिमुद्रित करायचे आहे हे स्पष्ट होते.

आता तेच स्थित्यंतर नव्याने लिहू.

२३. आतील. इमारतीची लाँड्री – रात्र

रिकामी खोली. मीरा चालू मशीनसमोर बाकावर बसली आहे. मशीनची धडधड. ती पत्र वाचून संपवते, घडी घालते.

धुण्याच्या दोन फेऱ्यांच्या मधे मशीन खट्‌कन थांबते. धडधड मात्र थांबत नाही. ती आता संथ आणि जड आहे.

प्री-लॅप : जहाजाचे इंजिन.

मीरा मान वर करते.

मशीनचे गोल दार, पडद्याच्या मधोमध. काचेपलीकडे फेसाचा थर. फेस खाली ओघळू लागतो –

मॅच कट :

२४. आतील. मालवाहू जहाजाची केबिन – पहाट

– आणि ओघळत राहतो. तेवढेच गोल, त्याच जागी. पण ही केबिनची खिडकी आहे आणि फेस लाटेचा. इंजिनाची धडधड आता पूर्ण आवाजात.

काच निवळते. बाहेर राखाडी पाणी. काचेत नरेनचा चेहरा उमटतो.

दृश्य २३ च्या शेवटच्या चित्राशी जुळणी.

यातली ‘मशीन थांबते, धडधड थांबत नाही’ ही जोडी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मशीन चालूच राहिली असती तर इंजिनाचा आवाज तिच्या आवाजात बुडाला असता आणि जहाज दिसेपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नसता. ‘दोन फेऱ्यांच्या मधे’ हे शब्दही असेच कामाचे आहेत. धुणे संपवून मशीन थांबली असे लिहिले असते, तर शेवटच्या पिळणीनंतर काचेवर फेस उरत नाही, हे चित्रीकरणाच्या दिवशी कोणीतरी दाखवून दिले असते आणि जुळणी तेथेच निकालात निघाली असती.

खूण दोन्ही दृश्यांत हवी

दृश्य २४ च्या शेवटी आलेली ती कोरडी ओळ वाचकाला खटकेल, पण ती काढू नये. केबिनच्या चित्रीकरणाच्या दिवशी पथकाच्या हाती त्या दिवसाचीच पाने असतात आणि लाँड्रीचे दृश्य त्यात नसते. ती ओळ पाहून स्क्रिप्ट सुपरवायझर आधी चित्रित झालेल्या दृश्याची फ्रेम मागवू शकतो आणि गोलाचा आकार व जागा तिच्यावरून ठरते. ध्वनिमुद्रकालाही संवादाविना इंजिनाचा सलग आवाज वेगळा नोंदवून ठेवण्याची आठवण होते. तो नसेल, तर संकलकाला लाँड्रीतल्या मीरावर टाकण्यासाठी स्वच्छ धडधड मिळत नाही.

मजकूर तपासण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. ज्याने पटकथा वाचलेली नाही अशा व्यक्तीला दृश्यशीर्षके झाकून ही दोन्ही टोके वाचून दाखवावीत आणि दोन रिकाम्या चौकटींत कटच्या आधीचे व नंतरचे चित्र काढायला सांगावे. गोल दोन्हीकडे एकाच जागी आले आणि धडधड कोठे सुरू झाली हे त्या व्यक्तीने बोट ठेवून दाखवले, तर संकलकालाही ते कळेल. चित्रात मीराचा चेहरा किंवा अख्खे जहाज आले, तर कोणत्या वाक्यामुळे आले ते विचारावे आणि ते वाक्य हलवावे.

लिहिलेला प्रकार संकलक बदलू शकतो, हेही धरून चालावे. डेव्हिड लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त (१९६२) लॉरेन्स काडी फुंकून विझवतो आणि वाळवंटातला सूर्योदय येतो, ती जागा पटकथेत डिझॉल्व्ह म्हणून, म्हणजे एक चित्र विरत असताना दुसरे उमटते अशी, लिहिलेली होती, संकलिका अ‍ॅन कोट्स यांच्या टेबलावर ती दोन चित्रे थेट लागून पाहिली गेली आणि कट कायम झाला. दोन्ही टोकांची चित्रे पक्की होती, म्हणून मधला निर्देश बदलणे शक्य झाले. याच कारणाने कथेचा एखादा आवश्यक धागा, उदाहरणार्थ नरेन जहाजावर आहे ही माहिती, केवळ या स्थित्यंतरावर टांगून ठेवू नये. दृश्य २३ गळाले तरी ती पत्रातून किंवा केबिनमधून कळली पाहिजे. आणि पुढच्या मसुद्यात २३ व २४ यांच्या मधे नवे दृश्य घालण्याची वेळ आली, तर आधी दोन्हीकडचे निर्देश खोडावेत. जुने ‘मॅच कट’ मागे राहिले, तर संकलक ते भलत्याच दृश्याशी जुळवायला बसेल.