यूपीआयचे पैसे कापले, पण दुकानदाराला पोहोचले नाहीत?

तुमच्या बँकेने पैसे वजा केले, पण पुढे दुकानदाराच्या बँकेकडून ‘जमा झाले’ हे उत्तर वेळेत आलं नाही, की व्यवहार अधांतरी अडकतो. पैसे कुठे जात नाहीत, फक्त परतायला वेळ लागतो.

१. आधी अ‍ॅपमधल्या हिस्टरीत व्यवहार उघडा. ‘पेंडिंग’ दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. उशिराने पहिलं पेमेंट पोहोचलं, तर दुकानदाराकडे दोनदा पैसे जातात आणि मग ते त्याच्याकडूनच परत मागावे लागतात. घाई असेल तर रोख द्या, पण त्याला हे अडकलेलं पेमेंट दाखवून ठेवा.

२. तिथलाच १२ अंकी यूटीआर नंबर टिपून घ्या. बँक व्यवहार त्यावरूनच शोधते.

३. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानातलं असं पेमेंट ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं (व्यक्तीला पाठवलेलं असेल तर १ दिवसात). सुट्ट्याही यात मोजल्या जातात. बहुतेकदा त्याआधीच येतं.

४. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. १० तारखेला ६४० रुपये अडकले, तर मुदत १५ पर्यंत. १८ ला आले, तर ९४० जमा व्हायला हवेत. भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. आली नाही तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा.

सांभाळा: रिफंडसाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. मागणारा चोरच समजा.