उत्पादनांचे टायटल टॅग साच्यातून काढताय? या चुका टाळा

स्वयंपाकाच्या भांड्यांच्या ऑनलाइन दुकानात दहा हजार उत्पादने असली की प्रत्येकाचा टायटल टॅग हाताने लिहिणे शक्य नसते. म्हणून ब्रँड, नाव, धातू आणि क्षमता या रकान्यांवरून साचा तयार केला जातो. सगळे रकाने भरलेली पाच उत्पादने निवडायची, त्यांची शीर्षके छान दिसली की काम संपले म्हणायचे, ही घाई मी वारंवार पाहतो. साच्याची खरी परीक्षा रिकाम्या रकान्यांवर होते.

सर्वांत ठळक चूक म्हणजे स्वल्पविराम, आडवी रेघ आणि एकक साच्यातच कायमचे लिहून ठेवणे. धातू आणि क्षमता दोन्ही नसतील तर अशा साच्यातून «प्रेशर कुकर - , लिटर» असे काहीतरी बाहेर पडते. अशी अर्धवट शीर्षके गूगल अनेकदा बाजूला ठेवते आणि पानावरील मुख्य मथळ्यातून किंवा इतर मजकुरातून स्वतःचे शीर्षक बनवते. चिन्ह आणि एकक मूल्यासोबतच यावे आणि मूल्य नसेल तर दोन्ही जावे, एवढाच माझा नियम आहे.

```python
bhag = [brand, naav, dhatu]
if kshamata:
    bhag.append(kshamata + " लिटर")
title = " ".join(b for b in bhag if b)
```

हे चालण्यासाठी «रिकामे» कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे लागते. पुरवठादारांच्या एक्सेलमध्ये रिकाम्या जागी NA, एकच रेघ, 0 किंवा नुसती स्पेस असते आणि साचा या सगळ्यांना खरे मूल्य समजतो. त्यामुळे ही यादी करून साच्याआधीच साफसफाई करावी. शॉपिफायच्या लिक्विड भाषेत तर रिकामी स्ट्रिंगसुद्धा सत्य धरली जाते, त्यामुळे नुसते `if` पुरत नाही. `!= blank` लिहावे लागते.

मला सर्वाधिक चीड येते ती मात्र अंदाजाने भरलेल्या पर्यायाची. एका दुकानात बहुतेक कुकर स्टीलचे होते, म्हणून धातूचा रकाना रिकामा असेल तेथे «स्टेनलेस स्टील» लिहावे असा नियम कोणीतरी करून ठेवला होता. शीर्षके भरगच्च दिसत असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. परंतु ज्यांचा धातू नोंदवलेला नव्हता त्यांत अॅल्युमिनियमचे साधे कुकरही होते आणि इंडक्शन शेगडीसाठी ते मागवणाऱ्या गिऱ्हाइकांकडून माल परत येऊ लागला, कारण खास इंडक्शन तळ नसलेले अॅल्युमिनियमचे भांडे त्या शेगडीवर तापत नाही. चौकशी आधी पुरवठादाराकडे गेली, मग गोदामाकडे. शीर्षकाच्या नियमापर्यंत कोणी पोहोचेपर्यंत बराच माल जाऊन आला होता. रकाना रिकामा राहिला असता तर चूक निदान दिसली तरी असती. फॉलबॅकने माहिती गाळावी, नवी माहिती रचू नये.

माहिती गाळली की मात्र वेगळा प्रश्न उभा राहतो. एकाच ब्रँडच्या ३ आणि ५ लिटरच्या कुकरमध्ये क्षमतेचा रकाना रिकामा असेल, तर दोन्ही शीर्षके तंतोतंत सारखी होतात. येथे उतरंड लागते: क्षमता नसेल तर व्यास, तोही नसेल तर मॉडेल क्रमांक. क्षमतेऐवजी सरळ वर्गाचे नाव घालणे हा आळशी उपाय आहे, कारण वर्ग सगळ्यांचाच एक असतो. शीर्षके तयार झाल्यावर ती गटवार मोजावीत आणि एकाहून अधिक वेळा आलेली बाजूला काढावीत. त्यांतील काही खरोखरच एकाच वस्तूच्या दुहेरी नोंदी निघतात. त्यांचे उत्तर साच्यात नाही, नोंदी एकत्र करण्यात आहे.

तपासणीसाठी मी दहा-वीस पाने उघडत बसत नाही. नाव सक्तीचे आणि ब्रँड, धातू, क्षमता ऐच्छिक असतील तर असणे-नसणे यांच्या आठच जुळण्या होतात. प्रत्येक जुळणीत किती उत्पादने आहेत हे मोजून आणि तिचे एक-दोन नमुने घेऊन मी एका कागदावर लावतो व मोठ्याने वाचतो. ज्या जुळणीत उत्पादने जास्त आणि शीर्षक बापुडवाणे, तिचे रकाने भरण्याचे काम आधी हाती घेतो.

नावात ब्रँड आधीच असेल तर तो पुन्हा जोडू नये.

लांबी जास्त झाली म्हणून साठाव्या अक्षरावर कात्री चालवू नये. गूगलचे शोधनिकाल शीर्षक उपलब्ध रुंदीनुसार तोडतात, अक्षरे मोजून नव्हे. शिवाय देवनागरीत संगणकाची मोजणी वेगळी असते. «प्रेशर» डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण युनिकोडमध्ये ते सहा घटकांचे आहे, त्यामुळे अशी कात्री जोडाक्षराच्या मधोमध पडून शेवटी लोंबकळता हलन्त राहू शकतो. त्याऐवजी आधी दुकानाचे नाव, मग धातू असा एकेक भाग पूर्ण काढावा. क्षमता शेवटपर्यंत ठेवावी, कारण दोन कुकरमधला फरक बहुधा तीच सांगते. कोणताही भाग काढल्यावर सारख्या शीर्षकांची मोजणी पुन्हा करावी लागते, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात.