शॉर्ट मारताना या चुका टाळा: भाडं, अपर सर्किट आणि कागदावरचा स्टॉप

माझा मावसभाऊ निपाणीत असतो, घरचा तंबाखूचा धंदा, दुपारी वखारीत बसून मोबाईलवर ट्रेडिंग. एक दिवस साडेतीनच्या पुढं त्याचा फोन आला, "दादा, मी स्टॉप लावलोय की, तरी पोझिशन उघडीच दिसायला लागलीय, आता काय करू सांग." स्टॉप म्हणजे भाव ठराविक आकड्यापलीकडं उलटा गेला की आपोआप बाहेर पडायची ऑर्डर. तेव्हा मार्केट बंद झालेलं, करायला काहीच शिल्लक नव्हतं. त्याचा हिशोब खाली सगळा देतोय, कारण शॉर्ट सेलिंगमधल्या बहुतेक चुका त्या एका ट्रेडमध्ये सापडतात, भाड्याची सोडून. म्हणून भाड्यापासूनच सुरू करू.

पहिली चूक: उसनं फुकट मिळतं असं धरून बॅकटेस्ट करणं

शॉर्ट म्हणजे काय ते आपल्याकडच्या भाषेत बघा. संकेश्वरी मिरचीचा भाव पडणार असं तुम्हाला वाटतंय पण तुमच्याकडं मिरची नाही, मग काकांकडनं दहा किलो उसनी घेतली, आज विकली, आणि पुढच्या महिन्यात स्वस्त घेऊन परत दिली. काका घरचे म्हणून भाडं मागत नाहीत, बाजारातला माणूस मागतो.

कॅशमध्ये तुम्ही आम्ही फक्त इंट्राडे शॉर्ट करू शकतो, विकलं तर त्याच दिवशी परत घ्यायचं. रात्रभर ठेवायचं असेल तर दोन रस्ते, एक फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव आजच ठरवणारा करार, दुसरा एसएलबी, म्हणजे शेअर उसने घ्यायची एक्सचेंजवरची सोय. ही 2008 पासून आहे पण अजून पातळच, सगळे शेअर तिथं मिळत नाहीत आणि जो हवा तो हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही. बॅकटेस्टला, म्हणजे जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी चालवून बघण्याला, मात्र हे ठाऊक नसतं, तो बिनधास्त हजार शेअर विकून मोकळा होतो.

हिशोब करू. शेअर 500 रुपयांचा, तुम्ही 200 विकले, म्हणजे 1 लाखाचा माल. स्ट्रॅटेजी सांगते महिनाभरात सरासरी 3 टक्के पडतो, म्हणजे 3,000 रुपये फायदा. आता उसनवारीचं भाडं एका शेअरला महिन्याला 4 रुपये धरा, 800 गेले. मधी 3 रुपये डिव्हिडंड आला तर तो ज्याचे शेअर आहेत त्याला तुमच्या खिशातनं जातो, 600 गेले. इथं एक बारीक गंमत आहे. डिव्हिडंडच्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानं खाली उघडतो, आणि तुमचा डेटा डिव्हिडंड अ‍ॅडजस्ट केलेला नसेल तर बॅकटेस्ट ती पडझड तुमचा फायदा म्हणून मोजतो, जो खरा नसतोच. मग एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, डिलिव्हरीत विकताना आणि घेताना 0.1 टक्के, दोन्ही मिळून 200 च्या आसपास. उरले 1,400, आणि अजून ब्रोकरेज धरलेलंच नाही.

इथवर ठीक. पण भाव महिन्यात पडलाच नाही आणि तुम्ही उसनवारी पुढच्या महिन्यात न्यायची ठरवलीत, तर भाडं नव्यानं ठरतं. तोवर सगळ्यांनाच तो शेअर पाडायचा असेल तर 4 चे 11 होतात. 200 शेअरचे 2,200, म्हणजे ठरलेले 3 टक्के पुढच्या महिन्यात मिळाले तरी तुम्ही 800 नं तोट्यात. गर्दी झाली की भाडं वाढतं आणि गर्दीच्या शॉर्टलाच धोका जास्त, या दोन गोष्टी हातात हात घालून येतात.

म्हणून माझा नियम असा, एका ट्रेडचं एकूण भाडं अपेक्षित फायद्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त व्हायला लागलं की शेअर परत, भाव कुठंही असो. वरच्या उदाहरणात 1,000 ची मर्यादा, म्हणजे दुसऱ्या महिन्याचा प्रश्नच येत नाही.

फ्युचरवाले म्हणतील आम्हाला कुठलं भाडं. आहे, फक्त ते दिसत नाही. एरवी फ्युचर कॅशपेक्षा थोडं वर असतं आणि शॉर्ट करणाऱ्याला तो फरक मिळतो. पण कॅश 500 आणि फ्युचर 495 दिसत असेल, मधी डिव्हिडंडही नसेल, तर एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे करार संपायच्या दिवसापर्यंत, ते 5 रुपये तुमच्या अंगावर येणार, कारण शेवटी दोन्ही भाव एक होतात. 1 टक्का भाडं आधीच कापून घेतलं असं समजा. आणि एक्स्पायरीपर्यंत शॉर्ट ठेवू नका, स्टॉक फ्युचरमध्ये आता शेअर खरोखर द्यावे लागतात, जवळ नसतील तर पुढं जे सांगतोय तेच तिथंही होतं.

दुसरी चूक: स्टॉप लावला म्हणजे तोटा ठरला असं समजणं

आता मावसभावाचा ट्रेड. छोटा शेअर, फ्युचर नसलेला, त्यामुळं त्याला ठराविक सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात जास्तीत जास्त किती हलू शकतो ती मर्यादा, 10 टक्के. आदल्या दिवसाचा बंद भाव 200, म्हणजे वरचं सर्किट 220. सकाळपासून धावत होता, यानं 213 ला 300 शेअर विकले, "लई वर गेलाय, आता पडणार" म्हणून. स्टॉप-लॉस लिमिट लावली, ट्रिगर 215.50, लिमिट 216. म्हणजे याच्या डोक्यात तोटा जास्तीत जास्त 3 रुपये, 300 शेअरचे 900. चहा प्यायला गेला.

अडीचच्या सुमाराला कोणीतरी मोठी खरेदी टाकली, भाव 215 वरनं दोन-तीन सौद्यांतच थेट 220. याचा ट्रिगर लागला, ऑर्डर गेली, पण 216 च्या वर घेऊ नको असं यानंच सांगितलेलं, त्यामुळं ती तशीच पडून राहिली. बघितलं तेव्हा घाईनं 220 ची केली, पण आता तिथं एकही विकणारा नाही आणि घेणाऱ्यांची लाईन लागलेली, एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीला लागते तशी, हा सगळ्यात मागं. मार्केट ऑर्डर लावली असती तरी सर्किट लागल्यावर हेच झालं असतं, विकणाराच नाही तर घेणार कुणाकडनं. ब्रोकरचं 3:20 चं ऑटो स्क्वेअर-ऑफ, म्हणजे उघडी पोझिशन आपोआप बंद करणं, पण त्याच लाईनीत जाऊन उभं राहिलं. साडेतीन वाजले.

पुढं काय होतं हे त्याला माहीतच नव्हतं. जे शेअर विकले ते द्यायचे आहेत आणि खात्यात नाहीत. तो म्हणाला उद्या सकाळी घेतो की. त्याला सांगितलं, अजिबात नको, उद्या घेतलेले परवा खात्यात येणार, देणं उद्याचं आहे, ते याला लागू पडत नाहीत आणि वर नवीन महाग माल गळ्यात पडेल. दुसऱ्या दिवशी एक्सचेंज त्याच्या नावावर ऑक्शन करतं, दुसऱ्या कुणाकडनं तरी शेअर घेऊन खरेदीदाराला देतं. पण दुसऱ्या दिवशी शेअर परत सर्किटला, 242 वर बंद, आणि ऑक्शनमध्येही कुणी विकायला आलं नाही. मग क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैशात हिशोब. त्याचा भाव असा ठरतो, सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वात वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवसाच्या बंद भावाच्या 20 टक्के वर, यातला जो जास्त तो. 242 च्या 20 टक्के वर म्हणजे 290.40.

213 ला विकून 290.40 ला घेतल्यासारखं. एका शेअरला 77.40, 300 चे 23,220, वर चार्जेस वेगळे. ठरवलेला तोटा 900. पंचवीस पटीच्या वर.

यात कुणी त्याला फसवलं नाही हो, हे सगळे नियम आधीपासून लिहिलेलेच आहेत. आणि 290.40 हा आकडा सकाळी विकायच्या आधीही काढता आला असता: आजचं सर्किट 220, उद्याचं 242, त्यावर 20 टक्के. मला यातनं एवढंच कळलं की शॉर्टचा खरा स्टॉप भावात नसतो, तो क्वांटिटीत असतो. किती शेअर विकायचे हे स्टॉपच्या अंतरावरनं नाही, सगळ्यात वाईट भावावरनं काढायचं.

```
worst = prev_close * 1.10 * 1.10 * 1.20
qty   = int(max_loss / (worst - sell_price))
```

इथं 1.10 म्हणजे त्या शेअरचं सर्किट, 5 टक्क्याचं असेल तर 1.05 घाला. एका ट्रेडला 5,000 घालवायची तयारी असेल तर 5,000 भागिले 77.40, म्हणजे 64 शेअर. 3 रुपयाच्या स्टॉपवरनं काढलं असतं तर 1,666 आले असते. 64 शेअरमध्ये मजा नाही वाटत असेल तर तो शेअर शॉर्ट करायचाच नाही, मी तर आता ठराविक सर्किटवाल्या शेअरला हातच लावत नाही.

तिसरी चूक: स्क्वीझ म्हणजे फक्त अमेरिकेतली गोष्ट वाटणं

स्क्वीझ म्हणजे अडकलेल्या शॉर्टवाल्यांना मिळेल त्या भावाला खरेदी करावी लागणं आणि त्यानंच भाव आणखी चढणं. अमेरिकेतला गेमस्टॉप सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्याहून 2008 चं फोक्सवॅगन जास्त शिकवतं. ऑक्टोबरात पोर्शेनं जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन मिळून आपल्या ताब्यात 74.1 टक्के आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडं 20 टक्के होतेच, म्हणजे बाजारात उरले 6 टक्क्यांपेक्षा कमी आणि शॉर्ट त्याहून जास्त. दोन दिवसांत भाव काही वेळ 1,000 युरोच्या वर. कंपनी चांगली की वाईट याचा संबंधच नव्हता, परत द्यायला माल नव्हता एवढंच.

आपल्याकडं फ्युचरवाल्या शेअरला ठराविक सर्किट नाही, 10 टक्क्यांचा पट्टा हळूहळू सरकवतात, त्यामुळं अडकून पडायचा धोका कमी, पण रात्रीत गॅप येतोच. तिथं मी 15 टक्के गॅप धरून लॉट ठरवतो. चाहूल बघायची असेल तर भाव वाढतोय आणि ओपन इंटरेस्ट, म्हणजे उघड्या सौद्यांचा आकडा, कमी होतोय का बघा, म्हणजे शॉर्टवाले पळायला लागलेत. आणि शेअर एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या, बॅनच्या जवळ असेल, उघड्या सौद्यांच्या मर्यादेच्या 95 टक्क्यांकडं, तर नवीन शॉर्ट नको, कारण बॅन लागल्यावर नवीन शॉर्ट येऊ शकत नाही, जुना शॉर्टवाला फक्त खरेदी करून बाहेर पडू शकतो, म्हणजे वरनं दाबणारे नवे शॉर्टवाले उरत नाहीत.

स्टॉपचे नियम जे मी आता हलवत नाही

इंट्राडेत ठराविक सर्किटवाला शेअर चुकून शॉर्ट केलाच असेल तर सर्किटच्या 2 टक्के अलीकडं बाहेर, वरच्या उदाहरणात 215.60. लिमिट नाही, मिळेल त्या भावाला, दोन रुपये जास्त गेले तर जाऊ देत. 2:45 नंतर एकही शॉर्ट उघडा नाही, कारण 3:20 च्या आसपास ब्रोकरांचे स्क्वेअर-ऑफ खरेदीला येतात आणि तिथं लाईन कुणालाच चुकत नाही.

तोट्यातल्या शॉर्टमध्ये अ‍ॅव्हरेज बंद. लॉंगमध्ये शेअर पडला की तो तुमच्या खात्यात लहान होत जातो, शॉर्टमध्ये उलट, जितकं चुकाल तितकी पोझिशन आपोआप मोठी होते, 1 लाखाचा शॉर्ट भाव दुप्पट झाला की 2 लाखांचा. त्यात अजून टाकणं म्हणजे पेटलेल्या चुलीत रॉकेल.

आणि आमच्या इकडं दुपारी करंट जातो, करंट गेला की वायफाय जातं, खानापूरकडं तर कधी मोबाईलला रेंजही नसते. म्हणून स्टॉप एक्सचेंजवर टाकूनच ठेवायचा, लॅपटॉपवर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या भरवशावर नाही, आणि ब्रोकरचा कॉल-अँड-ट्रेडचा नंबर कागदावर लिहून भिंतीला. मावसभावानं तो वखारीत, वजनकाट्याच्या वरच चिकटवलाय.