कमी ऐकू येणाऱ्या आजींचा फोन आला तर काय बोलावं

दवाखान्याच्या काउंटरवर आपण फोन उचलतो, एका दमात दवाखान्याचं नाव, आपलं नाव, "काय काम होतं?" सगळं म्हणून टाकतो, आणि पलीकडून येतं, "हॅलो? कोण बोलतंय?" एवढ्यावरून अंदाज घ्यावा आणि आवाज न चढवता पुन्हा सुरुवात करावी.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक सुराचे आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं त्या आवाजांवरच ओळखू येतात. साधी फोन लाइन सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचं फारसं पोचवत नाही आणि फोनवर ओठही दिसत नाहीत. त्यामुळे आजींना आवाज येतो, पण शब्द कळत नाही. ओरडलं तर आवाज फाटतो आणि शब्द आणखीच अस्पष्ट होतो.

फोन स्पीकरवर असेल तर तो काढा, पंख्यापासून आणि गर्दीपासून जरा बाजूला व्हा. मग, "नमस्कार." थांबा. "हा दवाखाना आहे." पुन्हा थांबा. "आजी, मी सावकाश बोलते. घाई नाही. आता ऐकू येतंय का?" प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट सांगा. शब्द मात्र अक्षरं तोडून म्हणू नका. विराम वाक्यांच्या मध्ये हवा.

आजींनी कानात मशीन घातलं असेल आणि ते शिट्टी मारत असेल, तर फोन कानापासून किंचित दूर धरायला सांगा. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो, म्हणून फोनही थोडा वर सरकवला की बरंच स्पष्ट येतं.

आता वेळ द्यायची. "गुरुवारी, उपाशीपोटी या." आजी "हो हो" म्हणतात. या "हो"वर फोन ठेवू नका, कारण पुन्हा पुन्हा विचारायचा संकोच वाटला की माणूस नुसतं "हो" म्हणतो. "आजी, कधी यायचं ते सांगा बरं?" असं विचारा. उत्तर येतं, "शुक्रवारी ना?" तेव्हा "गुरुवारी, गुरुवारी" करत बसू नका, शब्द बदला: "परवा या. आज मंगळवार, उद्या बुधवार, परवा गुरुवार." उपाशीपोटीचंही तसंच: "सकाळी काही खायचं नाही. चहासुद्धा नको." सात, आठ, साठ हे आकडे फोनवर सारखेच वाटतात. फोन नंबर सांगताना एकेक आकडा सांगा आणि दोन-तीन आकड्यांनंतर त्यांच्याकडून म्हणून घ्या.

तरीही जमत नसेल तर निवड त्यांच्यावर सोडा: "मेसेज पाठवू का?" थांबा, उत्तर येऊ द्या. नको म्हणाल्या तरच पुढचं: "घरात कुणाशी बोलू का?" पहिल्याच मिनिटाला "फोन दुसऱ्या कुणाला द्या" म्हणू नये, दुखणं त्यांचं आहे आणि फोनही त्यांनीच केलाय. घरच्या माणसाला सांगून झालं की फोन परत आजींकडे मागा आणि वार त्यांच्याच तोंडून ऐका.