रानडुक्कर की अस्वल? फोटोतील काळ्या प्राण्याची खात्री कशी करावी
(हंगामी सल्ला : मे अखेर ते जून, मावळ, मुळशी, राजगड, भोर, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांसाठी)

करवंदे आणि जांभळे पिकू लागली, उंबरांखाली सडा पडू लागला आणि मृगाच्या तोंडावर भाताची रोपे टाकण्याची गडबड सुरू झाली की डोंगराकडच्या शिवारांत वन्यप्राण्यांचा वावर वाढतो, आणि त्याच सुमारास घाटरस्त्यावर किंवा बांधावर टिपलेले अंधूक फोटो ‘अस्वल आले’ अशा मजकुरासह गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागतात. पुणे जिल्ह्यात अस्वल दिसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. राज्यातील अस्वले प्रामुख्याने विदर्भात आणि सातपुड्यात आढळतात, तर सह्याद्रीत ती कोयना-चांदोलीच्या दक्षिण पट्ट्यात आहेत. म्हणून आपल्याकडील फोटोत काळा, जड प्राणी दिसला तर आधी रानडुक्कर गृहीत धरावे आणि अस्वलाच्या खुणा स्पष्ट दिसल्या तरच मत बदलावे. ही सावधगिरी पंचनाम्यासाठीही उपयोगी आहे, कारण अर्जात एक प्राणी आणि शेतात दुसऱ्याच प्राण्याच्या खुणा असतील तर नुकसानभरपाईचे प्रकरण विनाकारण रेंगाळते.

फोटो मोठा करून प्रथम तोंड पाहावे. आपल्याकडील अस्वलाचे सर्व अंग लांब, विस्कटलेल्या काळ्या केसांनी झाकलेले असते, पण डोळ्यांपासून नाकापर्यंतचा भाग आखूड केसांचा आणि मळकट पांढरा किंवा राखाडी असतो, त्यामुळे काळ्या आकृतीला पुढे फिकट नळी जोडल्यासारखी दिसते. कान मोठे आणि केसाळ असून ते बाजूंना पसरलेले असतात. मानेवर व खांद्यांवर केसांची आयाळ इतकी दाट असते की मान वेगळी दिसत नाही. रानडुकराचे डोके याउलट लांबट पाचरीसारखे असून ते टोकाकडे निमुळते होते आणि चपट्या, केस नसलेल्या नाकाडाने संपते. त्याचे कान उभे व टोकदार असतात, नराचे सुळे बाजूने दिसू शकतात आणि पाठीच्या मधोमध राठ केसांचा तुरा उभा असतो. येथे एक फसगत नेहमी होते. चिखलात लोळून आलेल्या डुकराच्या तोंडावरील चिखल वाळला की तेही पांढुरके दिसते, म्हणून केवळ रंगावर न जाता नाकाडाचा आकार पाहणे आवश्यक आहे.

दुसरी खूण पायांची आहे, आणि आमच्या मते ती तोंडाइतकीच भरवशाची आहे. अस्वल तळपाय टेकवून चालते, त्याचे पाय जाड व खालपर्यंत केसाळ असतात, पुढील पंजे किंचित आत वळलेले असतात आणि त्यांवर सात-आठ सेंटीमीटर लांबीची, वाकडी, हस्तिदंती रंगाची नखे असतात. ही नखे वारूळ फोडण्यासाठी असल्याने मांजरकुळातील प्राण्यांप्रमाणे आत ओढली जात नाहीत. उघड्या मुरमाड जमिनीवरील फोटोत ती काळ्या केसांच्या खाली फिकट रेघांसारखी दिसतात, परंतु गुडघाभर गवतात त्यांचा शोध घेण्यात अर्थ नाही. रानडुकराचे पाय मात्र धडाच्या मानाने बारीक असून खुरांवर संपतात. त्यामुळे जड धड आणि काटकुळे पाय एवढी रूपरेषा दिसली तरी बहुतेक वेळा निर्णय होतो.

छातीवरील पांढऱ्या पट्ट्याबद्दल सर्वांना माहिती असते, म्हणूनच त्याबाबत अधिक जपून राहावे. अस्वलाच्या छातीवर इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखा मळकट पांढरा पट्टा असतो, पण तो प्राणी समोरून आणि डोके वर करून उभा असला तरच दिसतो. बाजूने किंवा मागून घेतलेल्या फोटोत, तसेच प्राणी मान खाली घालून मुंग्या किंवा फळे शोधत असताना, तो झाकलेला राहतो. पट्टा दिसला तर खात्री भक्कम होते. दिसला नाही, एवढ्यावरून अस्वल नाही असे म्हणता येत नाही. छातीवर पांढरा ठिपका असलेली काळी गावठी कुत्रीही पुष्कळ आढळतात, मात्र त्यांचे पाय सडपातळ व शेपूट ठळक असते. अस्वलाची शेपूट आखूड असून केसांतच लपते.

इतर काळ्या प्राण्यांबाबत फार वेळ घालवण्याची गरज नाही. रानगव्याच्या गुडघ्याखालचा फिकट, मोजा घातल्यासारखा भाग दुरूनही ओळखता येतो, आणि ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या वस्तीत गवा शिरल्यापासून पुणेकरांनाही तो अपरिचित राहिलेला नाही. माळरानावरील तरस संध्याकाळी काळसर व केसाळ दिसते, परंतु त्याची पाठ मागे उतरती असते आणि अंगावर उभे पट्टे असतात.

उदाहरणादाखल समजा, भोर तालुक्यातील एका वळणावरून सूर्यास्तानंतर गाडीतून फोटो काढला असून त्यात बांधालगत मान खाली घातलेला एक काळा प्राणी आडवा उभा आहे. छाती दिसत नाही, पाय गवतात आहेत आणि तोंडाचे टोक पांढुरके आहे. पाठीची कडा मोठी करून पाहिली असता मधल्या रेषेवर ताठ केस दिसतात आणि कान उभे आहेत. एवढ्यावरून कल रानडुकराकडे जातो, पण खात्री होत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोघांनी मिळून जागा पाहिली, तेव्हा जमीन नांगरल्यासारखी उकरलेली आणि ओल्या मातीत दोन खुरांचे, मागे दोन लहान टोचांसह उमटलेले माग आढळले, तर प्रश्न मिटतो. अस्वल असते तर जवळजवळ एका ओळीत पाच बोटे आणि त्यांच्या बरेच पुढे नखांच्या खुणा उमटल्या असत्या. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देतो. आसपासच्या वारुळांत खोल भोके पडलेली आणि विष्ठेत फळांच्या बिया दिसणे हीही अस्वलाची लक्षणे आहेत.

फोटो घेण्यासाठी गाडीतून उतरू नये, तसेच प्राणी ज्या घाणेरीच्या जाळीत शिरला तिकडे जाऊ नये. अस्वलाची नजर अधू असते आणि अचानक समोरासमोर आल्यास ते हल्ला करते, त्यामुळे पहाटे करवंदे वेचायला जाणाऱ्यांनी एकटे न जाता मोठ्याने बोलत जावे. मागाचा फोटो बरोबर वरून घ्यावा आणि शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवावे, कारण मापाशिवायच्या फोटोत कुत्र्याचा मागही मोठा भासतो. वनरक्षकाला पाठवताना मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करते आणि नखे, कान व केसांचे बारकावे त्यात नाहीसे होतात. सोबत ठिकाण, दिनांक, वेळ आणि प्राणी कोणत्या दिशेला गेला हे लिहावे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक याच कामासाठी आहे. तोंड व पाय दोन्ही दिसत नसतील, तर फोटोखाली ‘काळा मोठा प्राणी, ओळख पटलेली नाही’ असेच नोंदवावे आणि खात्री होईपर्यंत तो गावच्या गटावर टाकू नये.